बजरीगर मादीचे अंडे अडकणे : कारणे, लक्षणे आणि उपचार

भरपूर दूध देणारी गाय किंवा म्हैस विल्यानंतर एक-दोन दिवसांत अचानक खाली बसते. तिचे कान थंड पडतात, ती मान पोटाकडे वळवते आणि उठता उठत नाही. पशुवैद्यकाने शिरेतून कॅल्शियम दिले की बहुतेक वेळा थोड्याच वेळात ती उभी राहते. दुग्धज्वराचा हा अनुभव बहुतेक पशुपालकांना आहे. ओसरीवरच्या पिंजऱ्यात पाळलेल्या लहान पक्ष्याच्या मादीलाही याच कारणाने अडचण येते. तिच्या बाबतीत कॅल्शियम दुधात नव्हे, तर अंड्याच्या कवचात जाते. रक्तातील कॅल्शियम कमी पडले की अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंचा जोर संपतो आणि तयार झालेले अंडे आतच राहते. यालाच अंडे अडकणे म्हणतात.

हा प्रकार कोंबडी, कबुतर, कोकाटिल, फिंच अशा अनेक पक्ष्यांत आढळतो. या लेखात बजरीगर या पक्ष्याचा विचार केला आहे, कारण खेड्यापाड्यांतील घरांत तो मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. आपल्याकडे बाजारात त्याला सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात. खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतील वेगळा पक्षी असून बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियातील गवताळ प्रदेशातील आहे. अर्थात पुढे दिलेली माहिती दोन्ही पक्ष्यांना लागू पडते.

अंडे कसे तयार होते व कोठे अडकते

पक्ष्यांच्या मादीत सामान्यतः डाव्या बाजूचे एकच अंडाशय व एकच अंडनलिका काम करते. अंडाशयातून सुटलेला बलक अंडनलिकेत आला की त्यावर प्रथम पांढरा भाग व नंतर पातळ पापुद्रे चढतात. शेवटी तो नलिकेच्या खालच्या रुंद भागात येतो. या भागाला कवचग्रंथी म्हणतात. अंड्याचा सर्वात जास्त वेळ येथेच जातो आणि कवचही येथेच चढते. कवच पूर्ण झाल्यावर याच भागाचे स्नायू आकुंचन पावतात व अंडे गुदद्वारावाटे बाहेर येते. विष्ठा व अंडे या दोहोंना बाहेर पडण्यासाठी पक्ष्यात एकच द्वार असते.

बजरीगर मादी एका दिवसाआड एक याप्रमाणे साधारण चार ते सहा अंडी घालते. तिचे वजन ३५ ते ४० ग्रॅम असते आणि अंडे दोन ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे प्रत्येक अंडे तिच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक होते. दीड किलोच्या लेअर कोंबडीचे ५५ ग्रॅमचे अंडे तिच्या वजनाच्या साडेतीन टक्क्यांच्या जवळपास असते. या तुलनेवरून बजरीगर मादीवरील भार लक्षात येईल.

कॅल्शियमचा हिशेब

अंडे अडकण्यामागे कॅल्शियमची कमतरता हे प्रमुख कारण असते. ही कमतरता कशी निर्माण होते, हे साध्या हिशेबाने समजते.

दोन ग्रॅमच्या अंड्यात कवचाचे वजन अंदाजे ०.१४ ग्रॅम धरावे. कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असते, म्हणून त्यात सुमारे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम जाते. एवढे कॅल्शियम मादीला दर दोन दिवसांनी लागते.

आता तिच्या आहाराकडे पाहू. बहुतेक घरांत बजरीगरला केवळ बाजरी किंवा राळे घालतात. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मादी दिवसाला सहा ग्रॅमच्या आसपास दाणे खाते, म्हणजे दोन दिवसांत तिच्या पोटात जेमतेम पाच मिलिग्रॅम कॅल्शियम जाते. गरजेच्या मानाने हा फक्त दहावा हिस्सा झाला. त्यातच बाजरीत स्फुरदाचे प्रमाण कॅल्शियमच्या सहा-सात पट असते व दाण्यातील फायटेट हा घटक कॅल्शियम बांधून ठेवतो. त्यामुळे पोटात गेलेले कॅल्शियमही पूर्णपणे अंगी लागत नाही.

उरलेली तूट मादी आपल्या हाडांतून भरून काढते. अंडी घालण्यापूर्वी तिच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा तयार होतो व कवचासाठी तो वापरला जातो. यामुळेच पहिली दोन-तीन अंडी व्यवस्थित येतात आणि मालकाला सर्व ठीक वाटते. साठा संपत आला की पुढचे अंडे पातळ, खरखरीत किंवा मऊ कवचाचे येते, नाहीतर अडकते. दुसऱ्या वेळची अंडी विश्रांतीशिवाय लगेच सुरू झाली, तर साठा भरून निघण्यास वेळच मिळत नाही.

आहारात कॅल्शियम असूनही ते शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. पक्ष्याच्या शरीरात ते सूर्यप्रकाशामुळे तयार होते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उबदार असले तरी त्यातील आवश्यक किरण काचेत अडतात. म्हणून घराच्या आत वर्षभर टांगलेल्या पिंजऱ्यातील मादीला कॅल्शियम देऊनही पुरेसा उपयोग होत नाही.

इतर कारणे

थंडीच्या दिवसांत स्नायू आखडतात आणि शरीराची बरीच शक्ती ऊब टिकविण्यात खर्च होते, म्हणून हिवाळ्यात हा त्रास अधिक दिसतो. एक वर्षाच्या आतील मादी, वयस्क मादी, फार लठ्ठ झालेली मादी व लहान पिंजऱ्यात उडण्यास जागा नसलेली मादी यांना धोका जास्त असतो. अंडे नेहमीपेक्षा मोठे किंवा वेडेवाकडे असणे, अंडनलिकेला सूज किंवा जंतुसंसर्ग होणे यांमुळेही अंडे अडकते. पिंजऱ्यात नर नसला तरी मादी अंडी घालू शकते. त्यामुळे 'आमची मादी एकटीच आहे, तिला अंडे कसे असेल?' असा समज करून घेऊ नये.

लक्षणे कशी ओळखावीत

अंडे घालण्याच्या सुमारास निरोगी मादीतही काही बदल दिसतात. ती मडक्यात जास्त वेळ बसते, पोट थोडे फुगते, विष्ठा नेहमीपेक्षा मोठी, ओलसर व वासाची पडते. मात्र ती खाते, चपळ असते आणि दांडीवर नीट बसते. अशा मादीला त्रास देऊ नये.

अंडे अडकलेली मादी दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसते. पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून ती एका जागी राहते. दर श्वासाबरोबर तिची शेपटी खालीवर हलते. पाय फाकवून ती मधूनमधून कुंथते, पण काहीच बाहेर येत नाही. विष्ठा पडणे बंद होते किंवा अगदी थोडी पडते. अडकलेले अंडे पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाब देत असल्याने पाय लुळे पडतात व तिला दांडी धरता येत नाही. चोच उघडी ठेवून श्वास घेणे हे गंभीर अवस्थेचे लक्षण समजावे.

पाय लुळा पडला की पुष्कळ जण पक्ष्याला मार लागला असे समजतात व त्यात एक दिवस घालवितात. याउलट पोट फुगणे व एक पाय लंगडणे ही लक्षणे बजरीगरमध्ये पोटातील गाठीमुळेही दिसतात. ती गाठ हळूहळू, काही आठवड्यांत वाढते. अंडे अडकल्याची लक्षणे मात्र काही तासांत दिसू लागतात. तसेच हाताला अंडे लागले नाही म्हणून ते नाहीच, असे धरू नये. मऊ कवचाचे अंडे बोटांना जाणवत नाही व एक्स-रेमध्येही कधीकधी स्पष्ट दिसत नाही.

घरी तातडीने काय करावे

एवढ्या लहान पक्ष्यात दुखणे फार वेगाने वाढते. अडकलेल्या अंड्यामुळे विष्ठा व युरेटचा पांढरा भाग बाहेर पडण्यास अडथळा येतो, श्वास घेणे जड जाते आणि मादी काही तासांतच कोसळू शकते. म्हणून लक्षणे दिसताच पशुवैद्यकाशी संपर्क साधावा व दरम्यान पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी.

मादीला हळुवार उचलून वेगळ्या लहान पिंजऱ्यात किंवा हवेसाठी छिद्रे पाडलेल्या खोक्यात ठेवावे. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचा भाता हलला तरच त्याला श्वास घेता येतो, म्हणून छाती मुठीत आवळू नये. तळाशी स्वच्छ मऊ कापड अंथरावे व दांडी काढून टाकावी.

खोक्याच्या एका बाजूला बाहेरून ४० किंवा ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावावा. एलईडी दिव्याची पुरेशी ऊब मिळत नाही. आत थर्मामीटर ठेवून उबदार बाजूचे तापमान ३० ते ३२ अंश सेल्सिअस राखावे. दुसरी बाजू थोडी थंड राहू द्यावी, म्हणजे गरम होऊ लागल्यास मादी तिकडे सरकू शकेल. ती पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागली, तर उष्णता जास्त झाली असे समजून बल्ब लांब न्यावा. खोक्यात ओले फडके किंवा पाण्याची पसरट वाटी ठेवल्यास हवेत दमटपणा राहतो. मादी मात्र ओली होऊ देऊ नये. खोके शांत व अर्धवट अंधाराच्या जागी ठेवावे.

मादी शुद्धीवर असेल व स्वतः गिळत असेल, तरच पाणी व दाणे जवळ ठेवावेत. अर्धवट बेशुद्ध मादीच्या चोचीत काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. उबेत ठेवून एक ते दोन तासांत अंडे आले नाही, तर घरी अधिक वाट न पाहता तिला त्याच उबदार खोक्यातून दवाखान्यात न्यावे. सुरुवातीलाच पाय लुळे असतील, चोच उघडी असेल किंवा गुदद्वारातून लाल भाग बाहेर आला असेल, तर एक तासही थांबू नये. बाहेर आलेला भाग सलाईनने ओला ठेवावा, आत ढकलू नये.

काय करू नये

पोट दाबून अंडे बाहेर काढण्याचा प्रयत्न सर्वात घातक ठरतो. अंडे आत फुटले की कवचाच्या धारदार तुकड्यांनी अंडनलिका फाटते, तिच्यातील द्रव पोटात उतरतो व मादी दगावते. अंडे द्वाराशी दिसत असले तरी ते ओढू नये किंवा सुईने टोचू नये. एरंडेल पाजण्याचा उपयोग होत नाही, कारण एरंडेल आतड्यात जाते आणि अंडे अंडनलिकेत असते. द्वाराशी तेल चोळल्याने अडकलेले अंडे सुटत नाही, उलट पिसे तेलकट होऊन मादीची ऊब जाते.

घरात जनावरांसाठी आणलेली कॅल्शियमची बाटली असते. तिचा वापर मुळीच करू नये. त्याचे कारण पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एक उदाहरण

जानेवारीत येणाऱ्या रुग्णांपैकी एक नेहमीचा प्रकार घेऊ. एका शेतकरी कुटुंबात बजरीगरची जोडी ओसरीच्या आतील भिंतीला टांगलेली आहे. आहार फक्त बाजरीचा आहे. दिवाळीनंतर मादीने पाच अंडी घातली व पिले वाढविली. पिले बाहेर पडताच तिने त्याच मडक्यात पुन्हा अंडी सुरू केली. तीन अंडी आली व तिसऱ्याचे कवच खरखरीत होते. चौथ्या अंड्याच्या दिवशी सकाळी सात वाजता ती तळाशी पिसे फुगवून बसलेली आढळली. घरच्यांनी तिला बल्बच्या उबेत ठेवले. नऊ वाजेपर्यंत विष्ठा पडली नाही व उजवा पाय लुळा पडला, तेव्हा त्यांनी तिला दवाखान्यात आणले.

मादीचे वजन ३८ ग्रॅम भरले. पोटाच्या खालच्या भागात अंडे हाताला लागले. एक्स-रेमध्ये पातळ कवचाचे एकच अंडे दिसले, ते फुटलेले किंवा आडवे नव्हते. अशा वेळी पशुवैद्यक प्रथम ऊब देतात, त्वचेखाली कोमट सलाईन देतात व कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन देतात. त्याची मात्रा पक्ष्याच्या दर किलो वजनास ५० ते १०० मिलिग्रॅम असते. ३८ ग्रॅमच्या मादीला कमाल मात्रा ३.८ मिलिग्रॅम येते. दहा टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे तिला अवघे ०.०४ मिलिलिटर द्यावयाचे. हे सुईच्या टोकावरील एका थेंबाइतके असून तेही पातळ करूनच दिले जाते. कोणी घरच्या घरी अंदाजाने एक मिलिलिटर टोचले, तर २५ पट औषध जाईल व हृदय बंद पडेल.

या मादीला उपचारानंतर पुन्हा उबेत ठेवण्यात आले. दोन तासांनी तिचा पाय दांडी धरू लागला व दुपारी अंडे आपोआप बाहेर आले. त्याचे कवच कागदासारखे पातळ होते. स्नायूंना कॅल्शियम मिळताच त्यांचे काम पूर्ववत झाले, हेच या उपचाराचे मर्म आहे.

कॅल्शियमने काम न झाल्यास

सर्वच रुग्णांत इतके सहज घडत नाही. कॅल्शियम व ऊब देऊनही अंडे आले नाही, तर पशुवैद्यक द्वाराशी प्रोस्टाग्लँडिनचे मलम लावतात किंवा ऑक्सिटोसिन देतात. ही औषधे अंडनलिका आवळतात. अंडे नलिकेला चिकटले असेल, फार मोठे असेल किंवा द्वार सैल झाले नसेल, तर त्या जोराने नलिका फाटू शकते. म्हणून तपासणीशिवाय ती देता येत नाहीत.

यापुढील मार्ग म्हणजे मादीला भूल देऊन हलक्या हाताने अंडे काढणे. तेही शक्य नसल्यास जाड सुईने अंड्यातील द्रव ओढून घेतात. कवच आत दबून आकार लहान होतो व ते काढता येते किंवा पुढील काही दिवसांत त्याचे तुकडे बाहेर पडतात. नलिका फाटली असेल किंवा अंडे पोटात उतरले असेल, तर शस्त्रक्रिया करून अंडनलिका काढून टाकावी लागते. एवढ्या लहान पक्ष्यात या शस्त्रक्रियेचा धोका मोठा असतो. पक्ष्यांच्या उपचाराची सोय सर्वच दवाखान्यांत नसते. म्हणून जोडी पाळणाऱ्यांनी अशी सोय जवळपास कोठे आहे, हे आधीच विचारून ठेवावे.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

एकदा अंडे अडकलेल्या मादीत तो त्रास पुन्हा होण्याची शक्यता असते. तिचे मडके काढून टाकावे व नर वेगळा ठेवावा. दिवसातील उजेड आठ ते दहा तासांपर्यंत कमी करावा, म्हणजे अंडी घालण्याची प्रेरणा कमी होते. निदान सहा महिने तिला विश्रांती द्यावी. निरोगी मादीचीही वर्षातून दोनदाच पैदास घ्यावी व ती एक वर्षाची होण्यापूर्वी मडके टांगू नये.

आहारात बाजरीबरोबर नाचणी द्यावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे बाजरीच्या जवळजवळ आठपट. मोड आणून दिल्यास फायटेट कमी होते. मात्र ओले दाणे दोन-तीन तासांत काढून घ्यावेत, अन्यथा त्यांवर बुरशी येते. शेवग्याची स्वच्छ धुतलेली पाने आठवड्यातून तीन-चार वेळा द्यावीत. पालकात ऑक्झॅलेट असल्याने कॅल्शियमसाठी त्यावर भिस्त ठेवू नये.

नाचणीनेही अंड्याची पूर्ण गरज भागत नाही, म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेनाचा तुकडा कायम बांधून ठेवावा. तो जवळजवळ सर्वच कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. चिमूटभर खरवडून खाल्ला तरी एका अंड्याचे कवच भरून निघते. समुद्रफेन न मिळाल्यास कोंबडीच्या अंड्याची टरफले दहा मिनिटे उकळावीत, वाळवून बारीक करावीत व वेगळ्या वाटीत ठेवावीत. मादी गरजेप्रमाणे खाते. लेअर कोंबड्यांचे खाद्य मात्र बजरीगरला देऊ नये. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि अंडी न घालणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडास ते अपायकारक ठरते.

रोज सकाळी अर्धा तास पिंजरा कोवळ्या उन्हात ठेवावा. अर्ध्या भागावर सावली असावी व मांजर-कावळ्यांपासून राखण करावी. मडक्यातील प्रत्येक अंडे हलक्या हाताने पाहावे. एखादे अंडे खरखरीत किंवा पातळ कवचाचे दिसले, तर हाडांतील साठा संपत आला असे समजावे व त्याच दिवशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कॅल्शियम सुरू करावे. वर दिलेल्या उदाहरणात तिसऱ्या अंड्याने ही सूचना दोन दिवस आधीच दिली होती.